वीस पिक्सेलांचे घर: एका गुणपत्रिकेच्या स्कॅनची तपासणी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका रसायन कंपनीने प्रयोगशाळेतील केमिस्टच्या जागेसाठी निवडलेल्या उमेदवाराची कागदपत्रे पडताळणीसाठी वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात पाठवली होती. जागेसाठी बी.एस्सी. रसायनशास्त्रात किमान 60 टक्के गुणांची अट होती. अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेवर 800 पैकी 487 गुण, म्हणजे 60.875 टक्के, दिसत होते. उमेदवाराची आणि गुणपत्रिका देणाऱ्या संस्थेची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

आठ विषयांचे गुण 69, 61, 58, 56, 66, 63, 60 आणि 54 असे होते. त्यांची बेरीज 487 च येते. अनेक बनावट गुणपत्रिका या पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण विषयाचा आकडा वाढवणारा माणूस खालची बेरीज बदलायला विसरतो. येथे तसे झालेले नव्हते. अंकी बेरजेखाली अक्षरी बेरीजही जुळत होती. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील बाईंनी फोनवर विचारले, “सर, बेरीज बरोबर आहे, मुलाखतही चांगली झाली. मग अडलंय कुठे?” त्या वेळी आमच्याकडे एवढेच उत्तर होते की अक्षरी बेरजेची ओळ मध्येच दाटल्यासारखी दिसते. डोळ्याला खटकणे हा पुरावा नव्हे. ती मोजायला सुरुवात करण्याची जागा असते.

मोजण्याआधी दोन कामे केली. आलेली फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवून तिचा हॅश हा आकडी ठसा नोंदवला, म्हणजे पुढे कोणी “ही ती फाइलच नव्हे” असे म्हटल्यास उत्तर राहील. मग पीडीएफमधील चित्र बाहेर काढले. हे काम स्क्रीनशॉट घेऊन करू नये, कारण स्क्रीनशॉटमध्ये पडद्याच्या मापाने चित्र नव्याने घडते आणि जे पिक्सेल तपासायचे तेच हरवतात.

```
sha256sum gunpatrika.pdf
pdfimages -list gunpatrika.pdf
pdfimages -j gunpatrika.pdf pan
```

दुसऱ्या आज्ञेने दाखवले की पानावर एकच जेपेग चित्र आहे, ते 1654 रुंद आणि 2339 उंच आहे आणि त्याचे रिझोल्यूशन 200 पीपीआय, म्हणजे इंचाला 200 पिक्सेल, आहे. ए-4 कागद 8.27 इंच रुंद असतो, त्याला 200 ने गुणले की 1654 येतात, तेव्हा हिशेब जुळला. मात्र हा 200 चा आकडा म्हणजे चित्रातील पिक्सेल भागिले पानावर त्याने व्यापलेले इंच, इतकेच. कोणी कमी रिझोल्यूशनचे चित्र ताणून तेवढे मोठे केले असले तरी यादी तोच आकडा दाखवील. त्यामुळे खरी मोजपट्टी फाइलच्या गुणधर्मांत न शोधता कागदावरच्या छपाईत शोधावी लागते.

ती मोजपट्टी या गुणपत्रिकेत आयतीच होती. पान आधी छापलेल्या स्टेशनरीचे होते आणि नाव, विषय व गुण त्यावर नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने उमटवलेले होते. असा प्रिंटर नेहमीच्या मापात एका इंचात दहा अक्षरे छापतो आणि “आय” असो वा “डब्ल्यू”, प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचे घर देतो. 200 पीपीआयच्या स्कॅनमध्ये हे घर बरोबर 20 पिक्सेलांचे होते. पान स्कॅनरच्या काचेवर 0.4 अंश तिरके पडले होते. ते सरळ केल्यावर उमेदवाराच्या नावाची ओळ मोजली, विषयांच्या ओळी मोजल्या, आणि प्रत्येक अक्षर 20 च्या पटीत बसलेले सापडले. स्कॅनरची यांत्रिक चूक आणि कागदाचे आकुंचन धरून अर्ध्या टक्क्याची सूट दिली, तरी चारशे पिक्सेलांच्या ओळीत ती दोन पिक्सेलांपलीकडे जात नाही.

आता अक्षरी बेरजेची ओळ. खाली पहिल्या ओळीत फाइलमध्ये शब्द जसे बसले होते तसे, आणि दुसऱ्या ओळीत प्रिंटरने ते जसे बसवले असते तसे दाखवले आहे. आकडे ओळीच्या आरंभापासूनचे पिक्सेल आहेत.

```
FOUR (0)  HUNDRED (100)  EIGHTY (260)  SEVEN (380)
FOUR (0)  HUNDRED (100)  EIGHTY (260)  SEVEN (400)
```

“फोर हंड्रेड” आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून 13 घरे होतात, म्हणून तिसरा शब्द 260 वर सुरू होतो. “एटी” हा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरांचा आहे. सहा अक्षरे आणि एक मोकळे घर यांना 140 पिक्सेल लागतात, म्हणजे “सेव्हन” 400 वर यायला हवा होता. तो 380 वर होता. वीस पिक्सेल, म्हणजे नेमके एक घर, कमी होते, आणि दोन पिक्सेलांच्या सुटीत ते कोणत्याही प्रकारे बसत नव्हते.

येथेच या प्रकरणाचा सर्वांत उपयोगी भाग हाती लागला. “सेव्हन” हा शब्द अस्सल छपाईचा होता. त्याच्या पाचही अक्षरांची घरे वीस-वीसची होती. तो 380 वर असेल, तर त्याच्या आधी मुळात पाच अक्षरांचा शब्द असला पाहिजे. इंग्रजीत दशकांचे पाच अक्षरी शब्द तीनच आहेत: चाळीस, पन्नास आणि साठ यांचे. वीस, तीस, ऐंशी आणि नव्वद सहा अक्षरांचे आणि सत्तर सात अक्षरांचा. म्हणजे मूळ बेरीज 447, 457 किंवा 467 यांपैकीच एक असणार. तिन्ही आकडे 480 च्या, म्हणजे 60 टक्क्यांच्या, खाली आहेत. जो शब्द खोडला गेला त्याचा एक पिक्सेलही शिल्लक नव्हता, पण त्याची रुंदी शेजारच्या शब्दाने जपून ठेवली होती.

घातलेल्या शब्दाच्या फॉन्टचा उलगडा त्याच मोजमापातून झाला. त्याची सहा अक्षरे शंभर पिक्सेलांत बसवली होती, म्हणजे प्रत्येकी सुमारे 16.67 पिक्सेल. कुरिअर न्यू या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी अक्षरमापाच्या 0.6 पट असते. 12 पॉइंटला इंचात दहा अक्षरे बसतात आणि 10 पॉइंटला बारा. 200 पीपीआयवर इंचात बारा म्हणजे बरोबर 16.67. बदल करणाऱ्याने योग्य घराण्याचा फॉन्ट निवडला होता, पण एक अक्षर जास्त झाले म्हणून तो 10 पॉइंटवर उतरवून जुन्या जागेत कोंबला होता. साहजिकच अक्षरांची उंचीही घटली: शेजारची अक्षरे 19 पिक्सेल उंच होती, ही 16 होती.

चित्र आठ पट मोठे केल्यावर आणखी एक भेद दिसला, आणि तो मला मापांपेक्षाही बोलका वाटतो. नऊ पिनांच्या प्रिंटरच्या पिना एकमेकींपासून 1/72 इंचावर असतात. 200 पीपीआयच्या स्कॅनमध्ये ते अंतर 2.78 पिक्सेल होते, म्हणून “हंड्रेड”मधील “एच”चा उभा दांडा सलग रेघ न राहता ओवलेल्या मण्यांसारखा दिसत होता आणि रिबन जिथे सुकली होती तिथे मणी फिके पडले होते. “एटी”मधील “एच”चा दांडा मात्र गुळगुळीत, सारख्याच काळेपणाचा आणि कुरिअर न्यूच्या प्रकृतीप्रमाणे बारीक होता. हा मण्यांचा पुरावा प्रत्येक गुणपत्रिकेत मिळेल असे नाही. लेझर प्रिंटरवर मणी नसतात, चोवीस पिनांच्या प्रिंटरवर ते इतके दाट असतात की 200 पीपीआयला दिसत नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ते आक्रसण्यातच पुसले जातात. अशा वेळी अक्षराचे वळण पाहावे लागते. मराठी दाखल्यांत तर आम्ही आधी “ल” पाहतो: सगळीकडे पाकळीचा “ल” असताना आडनावात तेवढा उभ्या दंडाचा हिंदी वळणाचा “ल” आला, की ते आडनाव वेगळ्या फॉन्टमधून आल्याचे समजते.

यानंतर गुणांच्या रकान्याकडे वळलो. अक्षरी शब्द बदलला असेल तर अंकी 487 मधील 8 आणि कोणत्या तरी एका विषयाचा आकडाही बदललेला असणार. येथे टंकलेला फॉन्ट सापडला नाही. सगळे अंक मण्यांचेच होते. तेव्हा शंका अशी की ते त्याच पानावरून उचलून चिकटवले असावेत.

ती तपासण्याचा मार्ग असा. दोन अस्सल 6 कधीच पिक्सेलशः सारखे नसतात. प्रत्येक वेळी शाई थोडी वेगळी बसते, कागदाचा तंतू वेगळा असतो. शिवाय या गुणपत्रिकेत इंचात सहा ओळी होत्या, म्हणजे दोन ओळींत 33.33 पिक्सेलांचे अंतर होते, त्यामुळे प्रत्येक ओळीतील अंक पिक्सेलांच्या जाळीवर किंचित वेगळ्या ठिकाणी पडतो आणि त्याच्या कडांच्या करड्या छटा बदलतात. गुणांच्या रकान्यात एकूण सात 6 होते. ते कापून एकमेकांवर ठेवले आणि छटांमधील सरासरी फरक काढला. जवळजवळ प्रत्येक जोडीत हा फरक 255 पैकी 25 ते 40 च्या दरम्यान आला. फक्त 69 मधील 6 आणि 63 मधील 6 यांच्यात तो 3 आला. पूर्ण शून्य का नाही, हा प्रश्न रास्त आहे. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे आवळते; चिकटवलेला अंक त्या चौकोनांत वेगळ्या जागी पडला की साठवताना त्याच्या छटा थोड्या हलतात. त्याचप्रमाणे 487 मधील 8 हा त्याच ओळीतील 800 मधल्या 8 चा जुळा निघाला.

आता संशयिताच्या बाजूने विचार करणे भाग होते. उमेदवाराला विचारले असता तो म्हणाला, “सर, वाशी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने स्कॅन करून दिलं. त्याच्या मशीनने काही केलं असेल तर मला कसं कळणार?” हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले होते की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर यंत्रे स्कॅन करताना अंक बदलतात, आणि त्यात 6 च्या जागी 8 उमटल्याची उदाहरणे होती. कारण होते जेबिग-2 ही आकुंचनपद्धत. ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना साठवते आणि सगळीकडे तोच छापते. दोन वेगळी अक्षरे चुकून एकाच गटात गेली की अंक बदलतो, आणि तोही स्वच्छ, नीटनेटका. म्हणजे जुळे अंक आणि एका अंकाचा दुसरा होणे, ही आमची दोन्ही लक्षणे निव्वळ यंत्रदोषातूनही येऊ शकतात.

या फाइलमधील चित्र जेपेग होते, तेव्हा प्रश्न मिटला असे म्हणण्याचा मोह झाला. पण आधी जेबिग-2 मधून गेलेले पान नंतर कोणी जेपेग करून पाठवू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नव्हते. निर्णय दुसऱ्या गोष्टींवर झाला. जेबिग-2 ने नमुने वापरले असते तर सातांपैकी बरेच 6 एकसारखे निघाले असते; येथे नेमके दोनच निघाले. यंत्राने एखाद्या अंकाचा 6 केला असे मानले, तरी ते बेरीज जुळवून देत नाही. आणि कोणताही स्कॅनर पाच अक्षरांचा शब्द काढून तेथे 10 पॉइंटचा कुरिअर न्यू बसवत नाही.

कागदाच्या पार्श्वभूमीनेही दुजोरा दिला. स्टेशनरीवर फिकट हिरव्या लहरी रेषांची नक्षी होती, जी पडद्यावर साध्या नजरेला जेमतेम जाणवत होती. हिरवी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून चित्राचा फक्त लाल चॅनेल पाहिला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा नक्षी काळ्या रेषांत उभी राहिली. “एटी” या शब्दामागे ती नव्हतीच. तेथे एकसारख्या रंगाची पट्टी होती. 69 मधील 6 भोवती नक्षी होती, पण अंकाच्या चौकोनाच्या कडेला प्रत्येक लहर दीड-दोन पिक्सेल सरकलेली होती, ठिगळ लावलेल्या कापडाची रेघ सरकते तशी. एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस नावाची लोकप्रिय तपासणी आम्ही अहवालात घेतली नाही. ती ठळक काळ्या अक्षरांच्या कडा उजळ दाखवतेच, मग अक्षरे अस्सल असोत वा नसोत, आणि कंपन्यांच्या लोकांना त्या उजळ चित्राची भुरळ फार पडते.

उमेदवाराला मूळ गुणपत्रिका घेऊन कार्यालयात येण्यास सांगितले. तो आला नाही. त्याऐवजी तीन दिवसांनी त्याने दुसरी फाइल पाठवली आणि सोबत लिहिले की हा नवा, जास्त स्पष्ट, 300 चा स्कॅन आहे. चित्र खरोखरच 2480 रुंद आणि 3508 उंच होते, म्हणजे ए-4 साठी 300 पीपीआयचे बरोबर माप. पण पान पुन्हा 0.4 अंशच तिरके होते. कागद काचेवर दुसऱ्यांदा ठेवला की तो त्याच कोनात पडणे जवळपास अशक्य असते. मग कागदावरचे पाच बारीक ठिपके निवडून दोन्ही फाइलींतील त्यांच्या जागा ताडून पाहिल्या. दुसऱ्या फाइलमधील प्रत्येक जागा पहिल्या फाइलमधील जागेच्या दीडपट निघाली. शेवटी ती फाइल दोन-तृतीयांशावर लहान करून पुन्हा मूळ मापाला मोठी केली आणि लहान करण्याआधीच्या चित्राशी ताडली. अस्सल 300 च्या स्कॅनमध्ये या खटाटोपात बारीक तपशील नाहीसा होतो आणि मण्यांच्या कडा पुसट होतात. येथे डोळ्याला फरक दिसेल असे काहीच गमावले गेले नाही, कारण गमावण्यासारखा तपशील त्यात मुळात नव्हता. पहिलेच चित्र ताणून दुसरे केलेले होते.

रिझोल्यूशनच्या विसंगतीबाबत एक खबरदारी मात्र येथे नोंदवली पाहिजे. पुष्कळ स्कॅनर आणि मोबाइलवरील स्कॅनची अ‍ॅप्स एकाच पानाचे थर पाडतात: अक्षरांचा थर 300 पीपीआयला आणि रंगीत पार्श्वभूमीचा 100 किंवा 150 ला. अशा फाइलची यादी काढली की एका पानावर दोन-तीन रिझोल्यूशने दिसतात आणि नवख्याला घबाड सापडल्यासारखे वाटते. थर संपूर्ण पानभर पसरलेले असतील तर ते यंत्राचे काम समजावे. पानाच्या एखाद्याच चौकोनापुरते वेगळे चित्र असेल, तरच पुढे शोधावे.

अहवालात आम्ही लिहिले की प्राप्त फाइलमध्ये अक्षरी बेरजेतील एक शब्द आणि किमान दोन अंक छपाईनंतर बदललेले आहेत, मूळ बेरीज 447, 457 किंवा 467 असली पाहिजे आणि दुसरी फाइल स्वतंत्र स्कॅन नाही. एकाच विषयाचे दशक बदलले आहे असे धरले तर 69 च्या जागी अनुक्रमे 29, 39 किंवा 49 येतात. गुणपत्रिकेच्या मागे उत्तीर्णतेसाठी किमान 35 गुण छापलेले होते आणि निकालाच्या रकान्यात उमेदवार उत्तीर्ण होता, म्हणून 29 बाद होऊन दोन शक्यता उरल्या. बदल कोणी केला याविषयी एक शब्दही लिहिला नाही, कारण पिक्सेल ते सांगत नाहीत. कंपनीच्या बाईंना “बनावट” हा शब्द हवा होता; संस्थेचे उत्तर येईपर्यंत तो वापरू नये, असे आम्ही कळवले.

संस्थेच्या परीक्षा विभागाकडे शुल्क भरून केलेल्या अर्जाचे उत्तर पाच आठवड्यांनी आले. त्या विषयात 49 गुण होते आणि एकूण 467, म्हणजे 58.375 टक्के. सोबत कार्यालयीन प्रतीची साक्षांकित छायाप्रत होती. ती आमच्या स्कॅनरवर 200 पीपीआयला घेतली आणि अक्षरी बेरजेची ओळ मोजली. छायाप्रत काढताना पान किंचित लहान झाले होते. नावाच्या ओळीवरून तेवढी दुरुस्ती केल्यावर “सेव्हन” 380 वर आला.